बाहेर रांग, आत रिकाम्या खाटा: शिबिराच्या दिवसाचे तास कसे लावायचे

*प्रश्न:* आमच्या संस्थेचं एक दिवसाचं रक्तदान शिबिर नऊ ते तीन असतं. मागच्या वेळी १२० नावं आली होती, प्रत्यक्षात ८४ जण आले आणि ७६ जणांनी रक्त दिलं. खाटा सहा. रक्तपेढीकडून एक डॉक्टर, शिवाय सिस्टर-टेक्निशियन मिळून सहा जण, आमचे स्वयंसेवक बारा. अकरा वाजता बाहेर तासाभराची रांग आणि आत दोन-तीन खाटा रिकाम्या, हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टर तर जेवलेच नाहीत. शेवटचा दाता साडेचारला उठला आणि आवरायला सकाळपासून दमलेले चारच जण उरले. यंदाही साधारण एवढीच माणसं येतील. कुणी किती वाजता यायचं, कुणी कधी विश्रांती घ्यायची, हे कसं ठरवू?

*उत्तर:* आधी रिकाम्या खाटांचं कोडं सोडवू, कारण बाकीचं सगळं वेळापत्रक त्यावरच उभं राहणार आहे. दाता नोंदणीपासून खाटेपर्यंत ज्या ज्या टेबलावर थांबतो, तिथे एका माणसामागे किती मिनिटं जातात ते मांडून बघा. फॉर्म भरायला पाचेक मिनिटं. वजन, रक्तदाब आणि बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन, याला पाच-सहा. डॉक्टरांची विचारपूस चार. खाटेवर, हात पुसण्यापासून ती खाट पुढच्यासाठी पुसून तयार होईपर्यंत, वीस.

वीस मिनिटं ऐकून खाटांवरच अडतंय असं वाटतं. पण खाटा सहा आहेत. वीस मिनिटांच्या हिशेबाने त्या तासाला अठरा दाते घेतील. एखाद्याची शीर सापडत नाही, एखाद्याला भोवळ येते, म्हणून आपण सोळा धरू. डॉक्टर मात्र एकच. चार मिनिटांचा एक, म्हणजे तासाला पंधरा, आणि तेही त्यांनी खुर्ची सोडलीच नाही तर. प्रत्यक्षात खाटेवरून हाक येते, कुणाचा रक्तदाब पुन्हा मोजावा लागतो, अर्धवट भरलेला फॉर्म परत पाठवावा लागतो. बाराच्या पुढे आकडा सरकत नाही. तासाला बारा जण तपासून झाले की त्यातले दहा-अकराच खाटेपर्यंत पोचतात, आणि सोळा घेऊ शकणाऱ्या सहा खाटांपैकी दोन रिकाम्या दिसणारच. तुमचे ८४ जण भागिले १२ म्हणजे सात तास. नऊला सुरू केलं तर न जेवता, न उठता डॉक्टर चारला मोकळे होतात आणि शेवटचा दाता साडेचारच्या सुमारास उठतो. मागच्या वर्षी नेमकं तेच घडलं. तुमच्या स्वयंसेवकांची त्यात काही चूक नव्हती.

म्हणून यंदा रक्तपेढीकडे मागायची ती सातवी खाट नाही. दहा ते दोन या चार तासांसाठी दुसरे डॉक्टर मागा, आणि दाते उठून बसतात त्या विश्रांतीच्या जागेसाठी एक जास्तीची सिस्टर मागा. तिचं काय काम ते पुढे येईल. दुसरे डॉक्टर मिळालेच नाहीत, तर माणसं कमी बोलावणं एवढाच प्रामाणिक उपाय उरतो. नऊ ते अडीचमधून त्या एका डॉक्टरांची ५० मिनिटांची विश्रांती वजा केली की ४ तास ४० मिनिटं उरतात, त्यात ५६ जण तपासून होतात. तुमच्याकडे १२० पैकी ८४ आले, म्हणजे दहांतले सात. तेव्हा नावं ८० घेऊन थांबा.

दोन डॉक्टर मिळतील असं धरून पुढचा दिवस लावू.

दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या, आणि त्या समान वाटू नका. नऊ आणि साडेनऊच्या वेळेला एकच डॉक्टर असतील, म्हणून प्रत्येकी सहा माणसं. दहापासून साडेअकरापर्यंतच्या चार वेळांना नऊ-नऊ. बारा आणि साडेबाराला पुन्हा सहा-सहा, कारण तेव्हा एक-एक डॉक्टर जेवायला जातील. एक आणि दीडला नऊ-नऊ. दोनच्या शेवटच्या वेळेला सहा, कारण दुसरे डॉक्टर दोनला निघतात. बेरीज ८४. हे आकडे येणाऱ्या माणसांचे आहेत. नावं लिहिताना नऊच्या जागी तेरा आणि सहाच्या जागी आठ किंवा नऊ लिहा, म्हणजे १२० नावं बरोबर बसतात. वेळ न घेता आलेल्या माणसाला परत पाठवू नका. पुढच्या दोन वेळांपैकी जिथे जागा असेल ती सांगा आणि तेवढ्या वेळात पाणी प्यायला बसवा. रक्त देण्याआधी पोटभर पाणी प्यायलेल्या माणसाला भोवळ येण्याचा धोका कमी होतो, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही.

आता विश्रांती. इथे बहुतेक संयोजक एकच चूक करतात. "काम बघून आळीपाळीने जेवून घ्या" असं सांगतात. काम संपतच नाही, मग दोन वाजता तिघी एकदम उठतात आणि सगळ्या खाटा थांबतात. विश्रांतीला बदली माणूस लागतो, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही ठरलेलं काम द्यायचं नसतं. तुमच्या सहा जणांत तीन जणी खाटांवर (प्रत्येकीकडे दोन खाटा), दोघी हिमोग्लोबिनच्या टेबलांवर आणि सहावी निव्वळ बदली. एक माणूस दिवसभर मोकळा ठेवायचा म्हणजे चैन वाटेल, पण गणित बघा. खाटांवरच्या तिघींनी प्रत्येकी ४० मिनिटं विश्रांती घेतली आणि बदली नसली, तर प्रत्येक वेळी दोन खाटा बंद राहतात. सगळं मिळून २४० मिनिटं खाटा रिकाम्या. तुमच्या वेगाने ते दहा-अकरा दाते होतात.

बदलीच्या सिस्टरचा दिवस असा लावा. दहा ते अकरा या तासात ती सहा जणींना दहा-दहा मिनिटांसाठी उठवेल: आधी खाटांवरच्या तिघी, मग हिमोग्लोबिनच्या दोघी, शेवटी विश्रांतीच्या जागेवरची. अकरा ते साडेअकरा ती स्वतः जेवेल. हे आधी ठरवलेलं नसेल तर सगळ्यांना जेवायला पाठवून तीच उपाशी राहते. साडेअकरापासून ती अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेका जागेवर उभी राहील. साडेअकराला खाटांवरची ती जेवेल जी सकाळी मांडामांडीला आली होती, बाराला हिमोग्लोबिनची तशीच लवकर आलेली. मग साडेबाराला आणि एकला खाटांवरच्या उरलेल्या दोघी, दीडला हिमोग्लोबिनची दुसरी, दोनला विश्रांतीच्या जागेवरची. क्रम घरून निघण्याच्या वेळेवर लावायचा, हुद्द्यावर नाही. अडीचला गर्दी ओसरली की हिमोग्लोबिनचं एक टेबल बंद होतं, आणि मग बदलीच्या सिस्टरलाही दहा मिनिटं बसता येतं.

खाटेवर बदल कसा करायचा हे आदल्या दिवशी नीट बोलून घ्या, कारण कागदावरचं वेळापत्रक इथेच मोडतं. नियम एकच: जिने सुई घातली तिनेच काढायची. सुरू झाल्याची वेळ तिच्या डोक्यात असते, पिशवी किती भरली, हात कसा होता, दात्याचा चेहरा मघाशी कसा होता, हे तिलाच माहीत असतं. म्हणून साडेअकराच्या ठोक्याला अदलाबदल होत नाही. बदलीची सिस्टर पाच मिनिटं आधी येऊन उभी राहते. दोनपैकी जी खाट आधी मोकळी होईल ती ती घेते आणि पुढचा दाता त्यावर झोपवते. पहिली सिस्टर दुसऱ्या खाटेवरची पिशवी पुरी करून, सील करून, चिकटपट्टी लावून मग उठते. परत येतानाही असंच. एकही खाट रिकामी राहत नाही आणि एकाही दात्याच्या हाताला मध्येच दुसरा हात लागत नाही. अशा सहा बदलांत मिळून पंधरा-वीस मिनिटं घसरतील. ती अडीच-तीनच्या उतारात भरून निघतात, म्हणून सकाळच्या वेळा ओढूनताणून बसवू नका.

डॉक्टरांची दहा मिनिटं पावणेअकराला, दुसरे आलेले असतात तेव्हा. जेवण बारा ते साडेबारा पहिल्यांचं, साडेबारा ते एक दुसऱ्यांचं. दोघं एकदम कधीही नाही. कुणाच्याही हातात सुई आहे तोवर एक डॉक्टर त्या खोलीत असलेच पाहिजेत, आणि हे शेवटचा दाता दारातून बाहेर पडेपर्यंत लागू आहे. पुष्कळ शिबिरांत शेवटची विचारपूस झाली की डॉक्टर निघतात आणि आत अजून चार जण खाटेवर असतात. पहिल्या डॉक्टरांच्या कागदावर तीन नाही, पावणेचार लिहा.

विश्रांतीच्या जागेसाठी मागितलेली सातवी सिस्टर याच कारणासाठी. भोवळ खाटेवर येते तशीच उठल्यावर, चार पावलं चालल्यावर किंवा खुर्चीत बसून पाच मिनिटं झाल्यावरही येते. खाटेवर पडलेला माणूस पडत नाही, उभा असलेला पडतो. पहिल्यांदा रक्त देणारे, वयाने लहान आणि वजनाने हलके, यांच्यावर जास्त लक्ष. चेहरा पांढरा पडणं, कपाळावर बारीक घाम, वारंवार जांभया, बोलता बोलता एकदम गप्प होणं: ही खूण प्रशिक्षित डोळ्याला लगेच दिसते, आणि त्या क्षणी माणसाला आडवं करून पाय वर घेतले की बहुतेक वेळा तिथेच निभावतं. हे काम स्वयंसेवकावर सोडलं तर तो आधी हाक मारतो, मग खाटेवरची सिस्टर धावते, आणि तिच्या दोन खाटा पंधरा मिनिटं अडतात. सातव्या सिस्टरने साडेनऊला यायचं, कारण पहिला दाता पावणेदहाच्या आसपास तिथे पोचतो. निघायचं सगळ्यांत शेवटी.

मांडामांडीला किती वेळ लागतो याचा अंदाज जवळजवळ सगळेच कमी करतात. स्वयंसेवकांपैकी सहा जण सातला. टेबलं, खुर्च्या, पडदे, पाणी, वीज आणि वायरी चालण्याच्या वाटेत येत नाहीत ना, हे साडेसातपर्यंत व्हायला हवं, कारण तेव्हा सामानाची गाडी येते. गाडीबरोबर रक्तपेढीचे सगळे सहा जण बोलावू नका. एक खाटांवरची आणि एक हिमोग्लोबिनची, दोघी, आणि सामान उतरवायला रक्तपेढीचे सहायक. या दोघी खाटा लावून घेतात, पिशवी हलवत वजन मोजणारी यंत्रं चालू करून बघतात, सीलरने एक नळी सील करून पाहतात, हिमोग्लोबिनचं यंत्र त्याच्या तपासणीच्या नमुन्यावर बरोबर आकडा देतं का बघतात, आणि पिशव्या मोजून मुदत वाचतात. सगळं मिळून तास जातो. बाकीचे पहिल्या डॉक्टरांसह साडेआठला. पावणेनऊला एका स्वयंसेवकाला दाता म्हणून दारापासून विश्रांतीच्या खुर्चीपर्यंत चालवून आणा, सुई सोडून सगळं. कुठे दोन रांगा एकमेकींना छेदतात ते या पाच मिनिटांत कळतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी कळलं तर टेबल हलवायला जागा नसते.

तासांचा हिशेब मांडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. रक्तपेढीच्या माणसांचा दिवस तुमच्या दारात सुरू होत नाही, गाडीत बसल्यावर सुरू होतो आणि परत उतरल्यावर संपतो. सामानाबरोबर येणाऱ्या दोघी पावणेसातला निघाल्या असतील तर त्यांना तीनला सोडा, पाच वाजेपर्यंत आवरायला ठेवू नका. तसं करता येतं, कारण अडीचला हिमोग्लोबिनचं एक टेबल बंद होतं आणि तीनला सहापैकी दोन खाटा बंद करता येतात. शेवटच्या वेळेच्या सहा माणसांना चार खाटा पुरतात. साडेआठवाले मग साडेचारपर्यंत थांबतात आणि त्यांतल्या कुणाचाच दिवस दहा तासांच्या वर जात नाही. यासाठी गाडीच्या दोन फेऱ्या लागतात, हे रक्तपेढीशी आधीच बोला. दुपारची फेरी तशीही करावी लागू शकते: रक्तातून प्लेटलेट वेगळे करायचे असतील तर पिशवी ठरावीक तासांत रक्तपेढीत पोचावी लागते. पहिली पिशवी साडेनऊला भरली असेल, तर त्या घड्याळाची सुरुवात साडेनऊलाच होते, शिबिर संपल्यावर नाही. किती तास ते रक्तपेढीकडून लिहून घ्या आणि गाडीची वेळ त्यावर ठरवा. चालकाला ओझी उचलायला लावू नका. त्याची विश्रांतीही वेळापत्रकात लिहा, कारण संध्याकाळी दमलेल्या माणसांना तोच परत नेणार आहे.

तुमच्या बारा स्वयंसेवकांच्या सहा-सहाच्या दोन तुकड्या करा: पहिली सात ते बारा, दुसरी साडेअकरा ते साडेचार. अर्धा तास दोन्ही तुकड्या एकत्र असतात, त्यात नवी माणसं जुन्यांच्या शेजारी बसून काम उचलतात. सहा जणांना काम असं: दोघं नोंदणीला, एक वेळा सांभाळून माणसं आत सोडणारा, एक खाटेवरून उठलेल्या दात्याच्या बरोबरीने चालणारा, दोघं विश्रांतीच्या जागेवर खाणंपिणं देणारे. नोंदणीवरच्यांनी फॉर्म पुढे देण्याआधी एकही रकाना कोरा नाही आणि सही आहे, एवढं बघितलं तरी डॉक्टरांची चार मिनिटं चारच राहतात. बाराही जणांना सकाळी बोलावलं तर दहा वाजता सहा जण हात बांधून उभे दिसतात आणि तीनला ते घरी गेलेले असतात. मागच्या वर्षी आवरायला चार जण उरले ते त्यामुळेच.

फलकावर "शिबिर तीनपर्यंत" असं लिहिलं तर तीनला पाच कमी असताना चार जण दारात उभे राहतात, आणि त्यांना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. "नोंदणी अडीचपर्यंत" असं लिहा. अडीचला नोंदवलेला माणूस पावणेतीनच्या पुढे डॉक्टरांकडून सुटतो, तीनला खाटेवर, तीन-वीसला उठतो, पंधरा मिनिटं बसतो. म्हणजे पावणेचारला जागा खरोखर मोकळी.

आवराआवर मात्र पावणेचारची वाट न बघता अडीचला सुरू होते, मागून पुढे. आधी बाहेरच्या खुर्च्या आणि नोंदणीचं एक टेबल, मग हिमोग्लोबिनचं बंद झालेलं टेबल, तीनला दोन खाटा. विश्रांतीच्या खुर्च्या आणि तिथली आडवं करायची एक खाट सगळ्यांत शेवटी. कोपऱ्यात दोन माणसं बसलेली असताना त्यांच्या भोवतीच्या खुर्च्या गोळा करायला लागलात, तर ती पाच मिनिटं आधीच उठतात आणि जिन्यात भोवळ येते. सुया, वापरलेला कापूस, रक्त लागलेलं काहीही स्वयंसेवकांनी उचलायचं नाही. ते रक्तपेढीच्या माणसांचं काम आणि त्यांच्याच डब्यांत, पिशव्यांत जातं.

शेवटी मोजणी. हिला दोन माणसं आणि २५ मिनिटं वेगळी काढून ठेवा, आणि ती साडेआठवाल्या तुकडीतली असू देत, पहाटे उठलेली नकोत. एकीने आकडा वाचायचा, दुसरीने खूण करायची. पिशवी, नमुन्याच्या नळ्या आणि फॉर्म, तिन्हींवर तोच क्रमांक. मग पिशव्यांचा ताळा: समजा ९० आणल्या होत्या, ७५ पूर्ण भरल्या, एक अर्ध्यात थांबली, एकीची सुई शिरेत गेलीच नाही, तर १३ न उघडलेल्या परत जायला हव्यात. बाराच सापडल्या तर पेट्या बंद करू नका. बहुतेक वेळा तेरावी कुठल्यातरी खाटेच्या उशाशी किंवा ट्रेखाली असते, आणि खाटा गाडीत चढण्याआधी ती शोधायला पाच मिनिटं पुरतात. ताळा जुळला की वीजजोडण्या काढा, गाडी भरा. सव्वाचारला सुरू केलेली मोजणी साडेचारच्या थोडी पुढे संपते, तेवढी दहा मिनिटं चालकाला सकाळीच सांगून ठेवा.